जपानीत 'जायचंय' ही स्वतःची इच्छा सांगताना 'इकिताइ' आणि दुसऱ्याची सांगताना कायम 'इकितागारु' म्हणायचं, असं क्लासमध्ये शिकवलं. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यावरून ऑफिसात माझं एका सीनियरशी चांगलंच वाजलं होतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

चाकणच्या एका कारखान्यात मी दुभाषी होते. ग्राहक कंपनीचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, जपानहून भेटीला येणार होते. फोनवर ते मला म्हणाले की जमलं तर पेंटची लाइनही बघायचीय. अगदी सहज, बोलता बोलता. हा निरोप आमच्याच कारखान्यात बसणाऱ्या जपानी सल्लागारांना कळवायचा होता. मेल सीनियरने लिहिला: 'बुचो वा तोसोओ राइन ओ मितागात्ते इमास.' परीक्षेच्या पेपरात हे वाक्य असतं तर पैकीच्या पैकी मार्क मिळाले असते. सल्लागार मात्र मेल वाचून माझ्या टेबलाशी आले आणि हळूच विचारू लागले, बुचोंची काही तक्रार आहे का? फारच मागे लागलेत का ते?

घोळ असा आहे. 'ताइ' लावलं की क्रियापदाचं विशेषण होतं, आणि तेही मनातल्या अवस्थेचं. 'तानाका-सान वा इकिताइ देस' असं छातीठोक म्हटलं की जपानी माणसाला खटकतं, कारण तानाकांच्या मनात शिरून तुम्ही निकाल दिल्यासारखं होतं. आपण मराठीत 'त्याला जायचंय' बिनदिक्कत म्हणतो, म्हणून हे खटकणं आपल्या लक्षातच येत नाही. 'गारु' जोडलं की त्या विशेषणाचं परत क्रियापद होतं, पण अर्थ होतो 'तशी लक्षणं दाखवणं'. सामुइवरून सामुगारु, म्हणजे थंडीने कुडकुडताना दिसणं. कोवाइवरून कोवागारु, म्हणजे घाबरलेलं दिसणं. तेव्हा मितागारु म्हणजे बघायची इच्छा वागण्यातून बाहेर पडणं. पोरगं दुकानासमोरून हलत नाही, कुत्रं दाराशी जाऊन भुंकतं, तिथे हे रूप फिट्ट बसतं. बुचोंना ते लावलं की खेळण्यासाठी हट्ट धरलेल्या पोरासारखे बुचो डोळ्यांपुढे उभे राहतात. सल्लागारांना नेमकं तेच दिसलं.

मी मेल बदलून दिला: 'बुचो गा तोसोओ राइन ओ गोरान नि नारिताइ तो ओश्शात्ते इमास.' इथे ताइ जसंच्या तसं राहिलंय, कारण ते बुचोंचं स्वतःचं बोलणं आहे. मी फक्त 'असं ते म्हणताहेत' एवढं आदराने जोडलं. सीनियरने लाल पेनाने ताइवर गोल केला आणि सगळ्यांसमोर सुनावलं, "तृतीय पुरुषाला ताइ लागत नाही, हे बेसिक आहे."

बेसिक नाही, चूक आहे. हे वाक्य बघा: 'चिचि वा वाताशि गा र्‍यूगाकु शितागात्ते इरु तो ओमोत्ते इरु.' अर्थ असा की मला परदेशी शिकायला जायचंय, असं बाबांना वाटतंय. 'वाताशि' हा प्रथम पुरुष आहे, तरी तागारु आलं आणि वाक्य अस्सल जपानी आहे. कारण इथे बघणारे बाबा आहेत आणि मी त्यांना बाहेरून दिसतेय. पुरुष कुठला याच्याशी या नियमाला काही देणंघेणं नाही. इच्छा आतून सांगितली जातेय की बाहेरून पाहिली जातेय, एवढाच प्रश्न आहे. हे वाक्य मी तेव्हा फळ्यावर लिहिलं होतं. सीनियर म्हणाले, हे अपवादात जातं. मग 'इकिताइ हितो', म्हणजे ज्यांना जायचंय ती माणसं, हेही अपवादात टाका. 'तानाका-सान गा इकिताकेरेबा', तानाकांना जायचं असेल तर, हेही टाका. कथेतला निवेदक पात्राच्या मनात शिरून 'तारोओ वा काएरिताकात्ता' असं सरळ लिहितो, तेही टाका. इतके अपवाद निघायला लागले की मूळ नियमच नीट मांडलेला नाही असं समजावं.

रोजच्या बोलण्यात मी एकच गोष्ट तपासते: मला हे कसं कळलं? तानाका स्वतः माझ्याशी बोलले असतील तर 'इकिताइ तो इत्ते इमास'. तिसऱ्याकडून कानावर आलं असेल, जिथे आपण 'त्याला जायचंय म्हणे' म्हणू, तिथे 'इकिताइ सोओ देस'. चेहऱ्यावरून वाटलं तर 'इकितासोओ देस'. शेवटच्या दोन रूपांत फक्त एका 'इ'चा फरक आहे. तो 'इ' ठेवला तर ऐकलेली बातमी होते, गाळला तर डोळ्यांनी पाहिलेलं. घाईत बोलताना तो हमखास गिळला जातो, म्हणून मोठ्याने म्हणून सराव करा. आणि वागण्यातून ओसंडून वाहत असेल, वर तो माणूस घरचा, बरोबरीचा किंवा लहान असेल, तर खुशाल 'इकितागात्ते इमास' म्हणा.

तागारु वापरताना दोन गोष्टी सांभाळा. ते क्रियापद असल्यामुळे कर्माला 'गा' चालत नाही, 'ओ'च लागतो. मला पाणी प्यायचंय, तर 'मिझु गा नोमिताइ' किंवा 'मिझु ओ नोमिताइ', दोन्ही चालतं. धाकट्या भावाला प्यायचंय, तर 'ओतोओतो वा मिझु ओ नोमितागात्ते इरु', आणि इथे गा घातला की चूक. दुसरं म्हणजे आत्ताची इच्छा सांगताना 'तागात्ते इरु'. नुसतं 'तागारु' म्हटलं की सवय किंवा स्वभाव होतो: 'कोदोमो वा नान देमो सावारितागारु', पोरं दिसेल त्याला हात लावू बघतात.

ऑफिसातली आणखी एक गंमत. आपल्याच साहेबांची इच्छा बाहेरच्या ग्राहकाला कळवताना ओश्शात्ते इमास म्हणायचं नाही. तिथे आपला माणूस खालच्या पायरीवर ठेवतात: 'शाचोओ गा ओआइ शिताइ तो मोओशिते ओरिमास.' ताइ इथेही शाबूत आहे, हे त्या सीनियरांच्या नजरेस पडलं तर बरं होईल. आणि समोरच्या वरिष्ठांना थेट 'नोमिताइ देस का' असं विचारू नका. व्याकरण चुकत नाही, पण ते उद्धट वाटतं. 'कोओही वा इकागा देस का', म्हणजे कॉफी चालेल का, असं म्हणावं.

तुम्ही एन-फोर देत असाल तर पेपरात भाऊ, मूल, मित्र असा कर्ता आणि पुढे मोकळी जागा दिसली की सहसा तागात्ते इमास किंवा, एखादी वस्तू हवी असेल तर, होशिगात्ते इमासच हवं असतं, तिथे माझ्यासारखा वाद घालत बसू नका. आणि मित्रमंडळींत 'तानाका मो इकिताइ त्ते' एवढंच म्हणतात. तो शेवटचा 'त्ते' म्हणजे 'म्हणतोय'चंच आखूड रूप आहे, तो तेवढा सोडू नका.