मला कार्यक्रम आयोजनाची आवड आहे. बेळगावात लग्न, वाढदिवस, उत्सव यांच्याशी निगडित कमी भांडवलाचा कोणता व्यवसाय करता येईल?

मांडवाचे सामान आणि खुर्च्या विकत घेऊ नका. यजमानाचा माणूस म्हणून जेवणाची ताटे मोजण्याचे काम घ्या. याला धंदा म्हणतात हे आमच्या दाजींना आजही मान्य नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात केटररशी 500 ताटांची हमी ठरली होती आणि संध्याकाळी बिल आले 730 ताटांचे. बाबा आहेर स्वीकारण्यात गुंतले होते, आम्ही भाऊ पाहुण्यांच्या मागे होतो आणि जेवणाच्या दालनात आमचे म्हणावे असे कोणीच उभे नव्हते. पुरावा नसल्यामुळे मुकाट्याने पैसे मोजले. पुढच्या हंगामात चुलतभावाच्या लग्नात मात्र मी स्वतः तिथे उभा राहिलो, कारण केटरर तोच होता, हमीही तेवढीच आणि ताटाचा दर 250 रुपये. त्यांनी याही वेळी 730चा आकडा सांगितला. माझी मोजणी 612 होती. 118 ताटांचे 29,500 रुपये वाचले.

हा फरक नेहमी चोरीतूनच येतो असे नाही. केटरर 300 स्टीलची ताटे आणतो आणि ती धुऊन पुन्हा लावतो. मग 'दोन फेऱ्या झाल्या, तिसरी चालू आहे' असा हिशेब तोंडी होतो आणि अर्धवट फेरीही पूर्ण धरली जाते. काही पाहुणे भाताच्या वेळी नवे ताट घेतात, त्यामुळे एक माणूस दोनदा मोजला जातो. म्हणून रचलेली किंवा धुतलेली ताटे मोजण्यात अर्थ नाही. ताट जिथे उचलले जाते तिथे, रांगेच्या तोंडाशी उभे राहून, माणूस पहिल्यांदा ताट घेईल तेव्हाच हातातल्या मोजणीयंत्राचे बटण दाबायचे. दर अर्ध्या तासाने आकडा कागदावर लिहून त्यापुढे केटररच्या माणसाची सही घ्यायची. माझ्या मते सगळा धंदा या सहीत आहे, कारण शेवटच्या आकड्यावर भांडता येते, पण स्वतःच सही केलेल्या सहा आकड्यांवर भांडता येत नाही. अक्षता पडल्यावर सगळा मांडव एकदम जेवायला उठतो, तेव्हा एकट्याला हे जमत नाही; सोबत एक मुलगा हवाच. केळीच्या पानावरची पंगत असेल तर काम सोपे आहे, कारण रांगेतली पाने ठरलेली असतात आणि फक्त रिकामी राहिलेली वजा करायची असतात.

लहान मुले, वाजंत्री आणि फोटोग्राफर यांची ताटे धरायची की नाही, हमीपेक्षा जास्त झालेल्या ताटांना दर कोणता आणि दुसऱ्यांदा घेतलेले ताट कोणाच्या खाती, हे आदल्या दिवशीच लिहून घ्यावे. आपल्या भागात वाढपी बहुधा कन्नड बोलणारे आणि यजमान मराठी असतात, त्यामुळे तो कागद दोन्ही भाषांत असावा. कन्नडमध्ये शंभरपर्यंत आकडे सहज समजत नसतील तर या कामात पडू नका.

दाजींनी त्याच सुमारास कर्ज काढून 300 प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या होत्या. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत कार्ये बंद असतात हे त्यांनाही ठाऊक होते. पण 2023 साली अधिक श्रावण आल्यामुळे चातुर्मास पाच महिन्यांचा झाला आणि खुर्च्या पावसाळाभर भाड्याच्या शेडमध्ये पडून राहिल्या. माझे मोजणीयंत्र तेवढे महिने टेबलाच्या खणात होते आणि त्याला भाडे लागत नव्हते.

मर्यादाही सांगायला हव्यात. साठ माणसांच्या वाढदिवसाला मोजणारा कोणी ठेवत नाही. गणेशोत्सवाच्या महाप्रसादाला ताटामागे बिलच नसते, त्यामुळे तिथेही काम नाही. मी दोन माणसांचे मिळून 5,000 रुपये घेतो, पण तेही मुहूर्ताच्या दिवशीच, आणि एका मुहूर्तावर एकच लग्न धरता येते, म्हणजे नोकरी सोडण्याइतके उत्पन्न यात नाही. शिवाय यजमानही नेहमी खरे नसतात. पाचशे सांगून नऊशे माणसांना बोलावणारे मी पाहिले आहेत. अशा वेळी आकडा यजमानाच्या विरुद्ध गेला तरी तोच लिहावा लागतो, कारण एकदा खोटी मोजणी केलीत की गावातला एकही केटरर तुमच्या कागदावर सही करणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात दाजींच्या पुतण्याची मुंज होती. ताटे मोजायला त्यांनी मलाच बोलावले, 340च्या आकड्यापुढे केटररबरोबर स्वतःही सही केली आणि घरच्या माणसाने कसले पैसे घ्यायचे असे म्हणून हात जोडले. तो कागद मी जपून ठेवला आहे.