आई-बाबा येताना: औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि एक मोठ्या अक्षरातला कागद

"मी दोन महिन्यांत परदेशी स्थायिक व्हायला जाते आहे. वर्षअखेरीस आई-बाबा (वय ७० आणि ७४) तीन महिन्यांसाठी येतील. बाबांना मधुमेह, बीपी आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. बॅगेत काय काय भरायचं, कुठले कागद लागतात, यादी द्याल का?"

एखादा स्वेटर घरी राहिला तर तो तिकडे विकत मिळतो. बाबांची गोळी तशी मिळत नाही. बहुतेक देशांत परदेशी डॉक्टरची चिठ्ठी दुकानदार स्वीकारत नाही, आधी स्थानिक डॉक्टरला दाखवावं लागतं. मागाहून पोस्टाने पाठवलेली औषधं कस्टममध्ये अडकू शकतात, त्यावरही विसंबता येत नाही. म्हणून औषधांबद्दलच नीट लिहिते.

माझे बाबा आले तेव्हा तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये घसरले. रक्त आलं नव्हतं, डोक्याला नुसतं टेंगूळ होतं. इमर्जन्सीतल्या डॉक्टरांनी लगेच विचारलं, रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, कुठलं, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली? मी गोळीचं बाजारातलं नाव सांगितलं. त्यांना त्यातून काहीच कळेना. घरून गोळ्यांची पट्टी मागवली, तर रोज थोडी थोडी कापून नाव छापलेला तुकडा कधीच गेला होता. औषध कुठलं हे ठरेपर्यंत पाऊण तास गेला. स्कॅन चांगला निघाला, पण रक्तस्राव असता तर तो थांबवायला काय द्यायचं हे त्या नावावरच ठरणार होतं.

तेव्हापासून मी सांगते: पट्ट्या कापू नका, गोळ्या छापील वेष्टनातच आणा. आठवड्याच्या डबीत भरायच्या त्या घरी पोहोचल्यावर.

ब्रँडचं नाव देशागणिक बदलतं, औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, बहुतेक ठिकाणी एकच असतं. अपवाद आहेत: पॅरासिटामॉलला काही देशांत ॲसिटामिनोफेन म्हणतात, दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. आणखी एक अडचण जोडगोळ्यांची. बीपीची किंवा मधुमेहाची दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, आणि तीच जोडी तिकडे मिळेलच असं नाही. म्हणून निघण्याच्या महिनाभर आधी बाबांच्या डॉक्टरांकडून छापील प्रिस्क्रिप्शन घ्या. त्यात प्रत्येक घटकाचं जेनेरिक नाव आणि मिलिग्रॅम वेगळे लिहिलेले हवेत. रुग्णाचं नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच असू द्या. आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बऱ्याचदा नुसतं आडनाव असतं, ते चालत नाही. तारीख, सही, शिक्का आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांकही बघून घ्या.

त्यावरून तुम्ही स्वतः एका पानाचा तक्ता करा, इंग्रजीत किंवा तिथल्या भाषेत. समजा, बाबांचा असा होईल:

ॲपिक्सॅबॅन ५ मिग्रॅ, सकाळी ८ आणि रात्री ८, हृदयाचे ठोके अनियमित असल्याने गुठळी होऊ नये म्हणून.
मेटफॉर्मिन ५०० मिग्रॅ, दोन्ही जेवणांसोबत, मधुमेह.
टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ, सकाळी, बीपी.
ॲटोर्व्हास्टॅटिन १० मिग्रॅ, रात्री, कोलेस्टेरॉल.

खाली ॲलर्जी, जुन्या शस्त्रक्रिया, स्टेंट किंवा पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, आणि शेवटच्या रक्ततपासणीतलं क्रिएटिनिन. मूत्रपिंडाचं काम कसं चाललं आहे ते त्यावरून कळतं, आणि यातल्या काही औषधांचा डोस त्यावरच ठरतो. साखर कुठल्या एककात लिहिली आहे तेही नोंदवा. काही देशांत मिग्रॅ प्रति डेसिलिटर चालतं, काहींत मिलिमोल प्रति लिटर. १४० म्हणजे दुसऱ्या मापात साधारण ७.८, पहिल्याला १८ ने भागायचं. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मात्र सोबतच आणा, दुसऱ्या यंत्राच्या पट्ट्या त्यात चालत नाहीत.

आता किती आणायचं. ९० दिवसांचा मुक्काम, प्रवासाचे २ आणि तिकीट पुढे गेलं तर १५ जास्तीचे, असे १०७ दिवस. दिवसाला दोन याप्रमाणे ॲपिक्सॅबॅनच्या २१४ गोळ्या, म्हणजे दहाच्या २२ पट्ट्या. पण आधी त्या देशाचा नियम बघा. कुठे ९० दिवसांपुरतं आणू देतात, कुठे ३० दिवसांपुरतंच. मर्यादा कमी असेल तर पोहोचल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच स्थानिक डॉक्टरची वेळ आधीपासून घेऊन ठेवा.

झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या (क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम), ट्रामाडॉल आणि कोडीन असलेलं खोकल्याचं औषध यांची फार काळजी घ्या. ही नियंत्रित औषधं आहेत. काही देशांत आधी परवानगी काढावी लागते, नाहीतर ती जप्त होतात, प्रसंगी अटकही होऊ शकते. मधे विमान बदलणार तो देशही तपासायचा. देशवार नियम incb.org वर मिळतात, तरी दूतावासाच्या संकेतस्थळावर खात्री करा. आई "झोपेची अर्धीच गोळी घेते" म्हणून ती यादीत येतच नाही, हे मी दोन-तीन घरांत पाहिलं आहे. स्पष्ट विचारा.

सगळी औषधं हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर अजिबात खाली द्यायचं नाही, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं आणि गोठलेलं इन्सुलिन टाकूनच द्यावं लागतं. औषधांची पिशवी सुटी ठेवा, कारण विमान भरलं की दारातच केबिन बॅग काढून खाली टाकतात. प्रवासात गोळी कोणत्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या, विशेषतः बारा तासांच्या अंतराच्या गोळीचं आणि इन्सुलिनचं.

पासपोर्ट, व्हिसा, परतीचं तिकीट आणि तुमच्या पत्त्याचं पत्र एका पाकिटात. विमा घेताना आधीपासूनचे आजार त्यात येतात का, आणि येत असतील तर किती रकमेपर्यंत, हे पॉलिसीच्या मजकुरात वाचा, एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. चष्म्याची जादा जोडी सोबत घ्या, आणि व्हीलचेअरची विनंती विमानकंपनीकडे दोन दिवस आधी करा.

शेवटी संपर्काचा कागद. फोनची बॅटरी संपते, नवीन सिम लागत नाही, म्हणून कागदच हवा. मोठ्या अक्षरात तुमचा पूर्ण पत्ता, अधिक चिन्हासह देशाचा कोड लावून दोन फोन नंबर, शेजाऱ्यांचा नंबर, घरच्या डॉक्टरांचा नंबर, पॉलिसी क्रमांक आणि विम्याची मदत-लाइन. एक प्रत पासपोर्टसोबत, एक फ्रिजवर. फ्रिजवरच्या कागदावर त्या देशाचा आपत्कालीन क्रमांक आणि फोनवर बोलायची दोन वाक्यं देवनागरीत लिहा, म्हणजे आईला वाचून दाखवता येतील: "माय हजबंड हॅज फॉलन. ही टेक्स अ ब्लड थिनर." तुमची आई एकदा मोठ्याने वाचते का, ते व्हिडिओ कॉलवर करून बघा. माझ्या आईला "थिनर" जमेना, मग आम्ही औषधाचं नावच पाठ केलं.