ओपन ऑफिसमध्ये सलग दोन तास: आधी नोंद, मग वेळ

प्रश्न: ओपन ऑफिसमध्ये रोज दोन तास एकाग्रतेचे काम करायचे ठरवतो, पण सारखे कुणीतरी 'दोन मिनिटे आहेत का?' म्हणत येते. संबंध न बिघडवता हे दोन तास कसे राखावेत?

मी वाळूज औद्योगिक वसाहतीतील वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात खरेदी विभागात काम करतो. नव्या भागाची किंमत काढणे हे माझे एकाग्रतेचे काम आहे. ड्रॉइंग वाचून पत्र्याचे वजन, भंगाराची वजावट, प्रेसचे स्ट्रोक, वेल्डिंग आणि प्लेटिंग असा हिशेब एका दमात करावा लागतो, कारण मध्येच तुटला की एखादा स्ट्रोक हमखास सुटतो.

माझे मत असे की, लोकांना थोपवण्याच्या आधी ते कशासाठी येतात हे कागदावर उतरवावे. आठवडाभर प्रत्येक वेळी वेळ, व्यक्ती आणि विषय एवढेच लिहा. शेवटच्या रकान्यात 'थांबले असते का' याचे हो किंवा नाही. माझ्या यादीत निम्म्याहून अधिक नोंदी स्टोअर आणि गेटवरच्या निघाल्या आणि बहुतेकांचा विषय एकच होता: "सर, गाडी गेटवर उभी आहे अन् चलनावर पीओ नंबरच नाही, काय करायचं?" या प्रश्नाला माझी गरजच नव्हती. कोणत्या पुरवठादाराची कोणती खरेदी ऑर्डर, म्हणजे पीओ, खुली आहे आणि किती माल यायचा बाकी आहे, याची शीट स्टोअरला आणि गेटवर उघडून दिली, आणि चलनावर पीओ नंबर नसेल तर गाडी थांबेल असे पुरवठादारांना लेखी कळवले. तेवढ्याने गेटवरून येणारी रांग आटली. पाटी लावून हे साधले नसते.

उरलेल्या नोंदींवरून वेळ ठरवा. आमच्याकडे मालाच्या गाड्यांची गर्दी 11 नंतर होते, म्हणून मी 9 ते 11 हे दोन तास घेतले. दुपारी डोके अधिक चालत असले, तरी गर्दीच्या वेळेशी झगडण्यात अर्थ नाही. मात्र बंद वेळेपेक्षा खुली वेळ ठळक सांगावी लागते. उत्तर केव्हा मिळेल हे ठाऊक नसलेला माणूस आत्ताच येणार, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून माझ्या टेबलावरच्या कागदावर लिहिलेले असते: 'मी 11 ते 11:30 सर्वांसाठी मोकळा आहे. लाइन थांबली असेल तर आत्ताच हाक मारा.' ही सवलत लिहिली नाही, तर खरी अडचण असलेला माणूसही संकोचाने थांबतो आणि नंतर साहेबच तुमचा कागद काढायला लावतात.

अशा खुणेला मर्यादा आहेत. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 12 देशांतील 449 जणांच्या टेबलांवर ते कामात किती गुंतले आहेत हे दाखवणारा लाल-हिरवा दिवा बसवला होता. त्याने व्यत्यय 46 टक्क्यांनी घटले. म्हणजे निम्म्याहून अधिक व्यत्यय दिव्यासमोरूनही आलेच. हेडफोनवर तर मी मुळीच भिस्त ठेवत नाही. आपल्याकडे लोक खांद्यावर थाप मारून बोलतात.

तरीही कुणी आलेच, तर "नंतर या" म्हणू नये. कागद पुढे ओढून त्याच्यासमोर त्याचा विषय लिहावा आणि म्हणावे, "दादा, 11 वाजता मीच तुमच्याकडे येतो." मग 11 वाजता खरोखर उठून जावे. एकदा जरी गेला नाहीत, तरी उद्यापासून त्या कागदाला कुणी विचारणार नाही.

ज्यासाठी उठावेच लागते, तिथे खुर्ची सोडण्यापूर्वी एक ओळ लिहून ठेवा. अर्धवट सोडलेले काम पुढच्या कामातही मनात घोळत राहते, हे सोफी लेरॉय या संशोधिकेने 2009 मध्ये दाखवले. पुढे थेरेसा ग्लोम्ब यांच्यासोबतच्या 2018 च्या अभ्यासात, कुठे थांबलो आणि परतल्यावर काय करायचे हे आधी लिहून ठेवल्यास मन हातातल्या व्यत्ययाकडे अधिक नीट लागते, असे आढळले. माझी ओळ अशी असते: 'चार स्ट्रोक धरले, पाचवा पिअर्सिंगचा तपासायचा, मग प्लेटिंगचे क्षेत्रफळ.' परतल्यावर ड्रॉइंग पहिल्यापासून वाचावे लागत नाही.

साहेबांच्या हाकेला यातले काहीच लागू होत नाही. त्यांना आठवड्याची नोंदवही दाखवून, कोणते कोटेशन कोणत्या दिवशी हवे हे विचारून घ्या आणि त्या दिवसांपुरते दोन तास त्यांच्याच तोंडून विभागाला कळवा. महिनाअखेरीस, डिस्पॅचची घाई असते तेव्हा, मी हा प्रयत्न सोडून देतो आणि किमतीचा हिशेब पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसांवर ढकलतो.