जामीन अर्जाची पहिली तारीख: आरोपीच्या आईला पत्र

“माझ्या मुलाला दुकानातून मोबाइल चोरल्याच्या गुन्ह्यात अटक झाली आहे. उद्या जामिनाची पहिली तारीख आहे. उद्याच सुटेल ना? आम्ही काय बोलायचं, पैसे किती आणायचे?”

काकू,

मी विधी सेवा प्राधिकरणात इंटर्न आहे. कोर्टात मी बोलणार नाही. तुमच्या मुलाची बाजू आमचे पॅनेलवरचे वकील मांडतील. त्यांची फी तुम्हाला द्यायची नाही. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, मग त्याचं उत्पन्न कितीही असो.

उद्या तो घरी येईलच असं धरू नका. पहिल्या तारखेला वकील अर्ज देतात आणि न्यायाधीश बहुतेक वेळा त्यावर सरकारी वकील आणि तपासी अंमलदार यांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणं, मागवतात. मग पुढची तारीख पडते. हे सगळं दोन-तीन मिनिटांत उरकतं. लोकांना वाटतं जामीन नाकारला, पण तसं नसतं. त्याला प्रत्यक्ष आणतीलच असंही नाही, म्हणून तो दिसला नाही तरी घाबरू नका.

चोरी केली की नाही, याचा निकाल जामिनाच्या वेळी लागत नाही. तो पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का, आधीचे गुन्हे आहेत का, हे पाहिलं जातं. त्याच्यावर आधीचा गुन्हा नाही, ही जमेची बाजू. अडचण पत्त्याची आहे. त्याच्या आधारवर गावचा पत्ता आहे आणि तुम्ही राहता भाड्याच्या खोलीत. पोलिसांच्या ‘से’मध्ये ‘कायमचा पत्ता नाही, फरार होण्याची शक्यता’ असं वाक्य हमखास येतं, आणि त्याला कागदानेच उत्तर देता येतं. म्हणून भाडेकरार, घरमालकाच्या नावचं वीजबिल, रेशनकार्ड आणि तो कामाला होता तिथलं पत्र आजच आणून द्या. कागद नंतर आले तर वकिलांना नुसतं तोंडी सांगावं लागतं.

आणखी एक, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगा: दुकानदाराकडे माफी मागायला किंवा भरपाई द्यायला कुणीही जाऊ नका. तुमचा हेतू चांगला असला तरी तेच ‘फिर्यादीवर दबाव’ म्हणून ‘से’मध्ये लिहिलं जाऊ शकतं.

पैशांचं म्हणाल तर उद्या काहीच लागत नाही. ‘साहेबांना द्यावे लागतात’ म्हणून आवारात कुणी मागितले तर देऊ नका, आम्हाला सांगा. जामीन मंजूर झाला आणि आदेशात, समजा, १५,००० रुपयांचा जातमुचलका, म्हणजे त्याने स्वतः लिहून द्यायची हमी, आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार लिहिला, तरी ते पैसे तेव्हा भरायचे नसतात. मुलगा तारखांना हजर राहिला नाही तर ती रक्कम जामीनदाराकडून वसूल होऊ शकते. म्हणून जामीनदार ओळखीचाच हवा. त्याचं आधार, फोटो आणि पगारपत्रक, सातबारा किंवा घरपट्टीची पावती तयार ठेवा. ते तपासण्यात एखादा दिवस जाऊ शकतो.

जामीनदार मिळालाच नाही तर लगेच कळवा. तात्पुरता रोख जामीन मिळावा किंवा रक्कम कमी व्हावी, असा वेगळा अर्ज वकील देऊ शकतात. आणि अर्ज फेटाळला, तर सत्र न्यायालयात नवा अर्ज करता येतो. तोही मोफतच.