लाळ्या-खुरकूत लसीकरण शिबिराची नोटीस

गावच्या दूध संस्थेत सचिव आहे. लाळ्या-खुरकूत लसीकरणाचं शिबिर आहे, नोटिशीत मालकांना काय तयारी सांगू?

पहिली नोटीस तीन आठवडे आधी लावा, कारण जंताचं औषध लसीच्या दोन-तीन आठवडे आधी पाजावं लागतं. जंतांनी खंगलेल्या जनावरात लस नीट लागू होत नाही. शिबिर २२ तारखेला असेल तर १ तारखेलाच लिहा: "८ तारखेपर्यंत जंतनाशक पाजावे. गाभण जनावरास डॉक्टरांना विचारूनच द्यावे."

दुसरी नोटीस दोन दिवस आधी, अशी:

"२२ तारखेला सकाळी धार काढून जनावरे गोठ्यातच बांधून ठेवावीत, चरायला सोडू नयेत. कानातला बिल्ला पडला असल्यास आधी कळवावे. चार महिन्यांवरील वासरे, भाकड जनावरे व बैलही दाखवावेत. ताप असलेले, चारा सोडलेले किंवा शेवटच्या महिन्यांतले गाभण जनावर असल्यास टोचण्याआधी डॉक्टरांना सांगावे."

बिल्ल्यावरच्या बारा अंकी क्रमांकावरच लसीची नोंद होते, म्हणून ती ओळ गाळू नका.

सगळ्यात जास्त कुरकुर दुधावरून होते. लसीनंतर दोन-तीन दिवस दूध थोडं कमी येऊ शकतं, टोचल्या जागी गाठही येते; दोन्ही बहुधा आपोआप जातं. हे आधीच छापलंत तर लोक दुभती म्हैस लपवणार नाहीत. ताप किंवा चारा न खाणं दोन दिवसांपुढे गेलं तर मात्र डॉक्टरांना बोलवायला सांगा.

पहिल्यांदाच टोचलेल्या वासरांची वेगळी यादी ठेवा, त्यांना महिन्याने पुन्हा डोस लागतो.