रात्री साडेअकराचा मेसेज

"मॅडम, ओळखपाळख नसलेल्या मॅनेजरला नोकरीसाठी मेसेज टाकायचा तर कोणत्या वारी, किती वाजता? मी इतके पाठवते, उत्तरंच येत नाहीत. वेळ चुकतेय का माझी?"

समुपदेशनाच्या कामात हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकलाय की उत्तर टेबलाच्या काचेखाली लिहून ठेवावं म्हणते. मंगळवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते साडेअकरा, नाहीतर जेवणानंतर दोन-अडीचला. सोमवारी सकाळी माणूस सुट्टीत साठलेल्या मेल उपसत असतो. शुक्रवारी संध्याकाळी वाचलेला मेसेज 'सोमवारी बघू' म्हणून बाजूला पडतो, आणि सोमवारी तो 'वाचलेल्यां'त गेलेला असल्यामुळे पुन्हा डोळ्यांसमोर येतच नाही. साडेदहाला रोजची सकाळची मीटिंग आटोपलेली असते आणि चहा हातात असतो, म्हणून ती वेळ.

हे सगळं या मुलीला पाठ होतं. पुण्यात गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करणारी, चार वर्षांचा अनुभव. लिंक्डइनवर आणि मेलवर पुण्यातल्या आणि जर्मनीत श्टुटगार्टमधल्या टीम लीडना ती लिहायची. मी तिला एक तक्ता करायला सांगितला: कुणाला, त्यांच्या घड्याळात किती वाजता, उत्तर आलं का.

"त्यांच्या घड्याळात?" तिने विचारलं.

कुठेतरी वाचून ती मंगळवारी सकाळी बरोबर दहाला पाठवत होती, पण आपल्या दहाला. हिवाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, म्हणजे तिथे पहाटेचे साडेपाच. तो माणूस कामाला बसेपर्यंत मेसेज बाकीच्या मेलखाली गाडला जायचा. तिथले दहा हवे असतील तर आपल्याकडे दुपारचे अडीच. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं तासभर पुढे जातात, मग दीड. ही दुरुस्ती पाच मिनिटांत झाली.

खरी गोष्ट पुढच्या भेटीत निघाली. तक्त्यात शेहेचाळीस मेसेज होते, त्यातले एकतीस रात्री अकरानंतरचे. "यातला एक मोठ्याने वाच," मी म्हटलं.

तिने वाचायला सुरुवात केली. "सर, मी आठ महिने खूप प्रयत्न करतेय. कोणतंही काम चालेल. प्लीज एकदा तरी माझा सीव्ही..." तिथेच थांबली. फोन टेबलावर पालथा ठेवला.

"मॅडम, हे मी लिहिलंय?"

"रात्री अकराला लिंक्डइन उघडतेस, तेव्हा दिवसभरात काय झालेलं असतं?"

"मॅनेजरशी वाजलेलं असतं."

मी घाई केली नाही. (इतक्या वर्षांत एवढं तरी जमलंय.) बराच वेळ ती त्या तक्त्याकडे बघत बसली. मला तेव्हा जे उमगलं ते मी त्यानंतर प्रत्येकाला सांगते. वेळेचा परिणाम वाचणाऱ्यावर होतो तसा आधी लिहिणाऱ्यावर होतो. तिचे रात्रीचे मेसेज पडले ते केवळ उशिरामुळे नव्हे. त्या वेळी ती काम मागत नव्हती, सुटका मागत होती, आणि ते अनोळखी माणसालाही कळतं. वर, उत्तर न आल्याचा अर्थ ती 'मी कुचकामी' असा लावायची आणि पुढच्या रात्री आणखी लांब लिहायची. घटना एवढीच होती: उत्तर आलं नाही. बाकीचं तिचं तिने जोडलेलं. घटना आणि तिला आपण लावलेला अर्थ वेगळे करायचे, याच वाटेचं माझं शिक्षण आहे, त्यामुळे माझं लक्ष तिकडेच जातं, हे कबूल.

मग आम्ही लिहिण्याची आणि पाठवण्याची वेळ वेगळी केली. शनिवारी सकाळी, झोप झालेली असताना लिहायचं. तीनच ओळी: ब्रेक कंट्रोलरच्या टेस्टिंगवर चार वर्षं काम केलंय, तुमच्या टीममधली जागा पाहिली, दहा मिनिटं बोलता येईल का? मेल असेल तर जीमेलमधलं 'शेड्यूल सेंड' लावून ठेवायचं, लिंक्डइनसाठी फोनचा गजर. पुढचे दोन तास आपण मोकळे असू अशाच वेळी पाठवायचं, कारण 'आत्ता बोलू शकाल का?' असं उलट उत्तर आलं तर आपण मीटिंगमध्ये अडकलेले नको. आठवडाभराने एकदाच आठवण, तीही वेगळ्या वेळी, कारण पहिली वेळ त्या माणसाच्या सोयीची नसेलही.

काही आठवडे सोडूनच द्यायचे. आपल्याकडे दिवाळीचा. श्टुटगार्टकडे नाताळाच्या आधीपासून ६ जानेवारीपर्यंत, तिथे त्या दिवशीही सरकारी सुट्टी असते.

आणि जागा ताजी असेल तर वार बघायचा नाही. जाहिरात शुक्रवारी लागली आणि आपण मंगळवारची वाट बघत बसलो, तर तोवर त्या माणसाकडे अर्जांचा ढीग झालेला असतो.

पुढच्या चौदा मेसेजना तिला पाच उत्तरं आली. एवढ्याशा आकड्यांवरून नियम काढू नये, शिवाय मेसेजही बदलला होता. त्यातलं एक 'सध्या जागा नाही' होतं, आणि तेच तिने मला हसत दाखवलं.

नोकरी लागली ती मात्र एका शुक्रवारी संध्याकाळी पाचला पाठवलेल्या मेसेजवरून. जागा त्याच दुपारी निघाली होती. "मॅडम, तुमचा तक्ता मोडला," तिने कळवलं. रात्री साडेअकराला.