फ्रेंचमधलं निरोपाचं भाषण: 'मांके'चा घोळ

अरे तुझा ड्राफ्ट वाचला, छान आहे, पण एक वाक्य आधी बदल. तू 'झ वे वू मांके' लिहिलंयस, इंग्रजीतल्या 'आय विल मिस यू'वरून उचललंस ना? त्याचा अर्थ होतो 'तुम्हाला माझी आठवण येईल', म्हणजे स्वतःचीच आरती! मी तुलूझला माझ्या पो द देपारला, म्हणजे ऑफिसातल्या निरोपाच्या पार्टीत, नेमकं हेच बोललो आणि सगळे हसले, मला वाटलं जोक जमला.

बरोबर वाक्य 'वू झाले म मांके'. मराठीतून विचार कर, 'तुमची उणीव मला भासेल', इथे 'मी' कर्ता नाही, फ्रेंचमध्येही तसंच, ज्याची उणीव तो कर्ता, त्यामुळे आपल्याला खरंतर हे सोपं जायला हवं. एकट्या मॅनेजरला अरे-तुरे करत असशील तर 'त्यू वा म मांके', पण सगळ्या टीमला मात्र वूच.

शेवटी 'आद्यू' नको, ते कायमच्या निरोपाचं वाटतं. 'ओ रव्वार' म्हण, त्यात पुन्हा भेटणं आहे, आपण नाही का निघताना 'जातो' न म्हणता 'येतो' म्हणत, तसं.

आणि दोन मिनिटांत आटप, लोक ग्लास हातात धरून उभे असतात.